दोन फौंड्र्या एक झाल्या, ठरलेला फायदा मिळाला का? हिशेब कसा लावायचा

बेळगावात दोन कारखाने एकत्र येण्याची बोलणी सुरू झाली की पहिल्या बैठकीतच एक कागद फिरतो. त्यावर खरेदीत एवढी बचत, विजेत एवढी, ऑफिसच्या खर्चात एवढी आणि विक्रीत एवढी वाढ, असं लिहिलेलं असतं. या कागदावरूनच कुणाला किती शेअर मिळणार हे ठरतं, बँकेचं वाढीव कर्जही त्याच्यावरच मंजूर होतं. वर्षभराने मात्र तो कागद कुठल्या फायलीत आहे हेही कुणाला सांगता येत नाही. 'नफा वाढलाय ना, मग झालं' असं म्हणून विषय संपतो. नफा भाव उतरल्यानेही वाढतो आणि ट्रॅक्टरचा हंगाम चांगला गेल्यानेही वाढतो. विलीनीकरणाने काय दिलं हे त्यातून वेगळं काढावं लागतं, आणि तेच कसं काढायचं ते इथे एका उदाहरणातून सांगतो.

एक फौंड्री उद्यमबागेत, दुसरी मच्छेत, असं धरू. दोन्ही प्रायव्हेट लिमिटेड, दोन्ही ग्रे आयर्नचं कास्टिंग करणाऱ्या. उद्यमबागेची फौंड्री महिन्याला ३०० टन कच्चा माल घेते, मच्छेची २०० टन. एकत्र आल्यावर वर्षाला दीड कोटीचा फायदा होईल असं ठरलं: स्क्रॅप आणि पिग आयर्नच्या खरेदीत ६० लाख, विजेत ३० लाख, पगार-ऑफिसात २० लाख, आणि २ कोटींच्या जादा विक्रीतून ४० लाख. उदाहरणाचे आकडे गोल केलेले आहेत, पण अशा कामात जे प्रश्न पडतात ते नेमके हेच.

आधी जुनी रेषा पक्की करा

फायदा मोजायचा म्हणजे कशाच्या तुलनेत, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी दोन्ही कारखान्यांचे, संचालक मंडळाने निर्णय घेण्याआधीचे पूर्ण बारा महिने घ्या. विलीनीकरणाच्या मंजुरीच्या आधीचे नव्हे, निर्णयाच्या आधीचे. निर्णय झाल्यापासून मंजुरी येईपर्यंत बरेच महिने जातात आणि त्या काळात दोन्ही कारखाने नीट वागत नाहीत. माणूस सोडून गेला तर नवा घेत नाहीत, दुरुस्ती पुढे ढकलतात, सप्लायरला 'थांबा, लवकरच मोठी ऑर्डर देतो' असं सांगून ठेवतात. तो काळ जुनी रेषा म्हणून घेतला तर सगळी तुलना तिरकी होते.

इथेच एक घोटाळा नेहमी होतो. विलीनीकरणाच्या योजनेत अपॉइंटेड डेट असते, समजा १ एप्रिल. मंजुरी नोव्हेंबरात आली तरी पुस्तकं एप्रिलपासून एकत्र होतात. ताळेबंदात पूर्ण वर्ष एकत्र दिसतं, पण खरेदी एकत्र सुरू झाली ती डिसेंबरात. फायद्याचं घड्याळ प्रत्यक्ष एकत्र काम सुरू झाल्यापासून लावा. पुस्तकाची तारीख सीएसाठी, ही तारीख तुमच्यासाठी.

बारा महिने घ्यायला आपल्या भागात आणखी एक कारण आहे. खानापूर आणि चंदगडकडचे कामगार सुगीला भातकापणीसाठी गावी जातात, मोल्डिंगची हजेरी घसरते, उत्पादन कमी होतं आणि टनामागे खर्च वाढतो. म्हणून तिमाहीची तुलना मागच्या तिमाहीशी करायची नाही, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करायची. नाहीतर सुगी संपल्यावर हजेरी आपोआप वाढेल आणि ते श्रेय विलीनीकरणाच्या नावावर जमा होईल.

त्यानंतर दोन्हीकडच्या मालाची नावं जुळवा. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. एकाच स्क्रॅपला उद्यमबागेच्या स्टोअरात 'सीआरसी' म्हणतात आणि मच्छेच्या वहीत 'बंडल'. एकीकडे बोरिंग वेगळं लिहितात, दुसरीकडे ते 'स्क्रॅप इतर' मध्ये जातं. दोन्ही स्टोअरकीपरना समोरासमोर बसवून, ढिगाजवळ उभं करून एकेका नावाची जोडी लावून घ्या. आठवडा जातो. तो गेला नाही तर खरेदीच्या बचतीचा एकही आकडा खरा निघत नाही.

प्रत्येक वचनाची एक ओळ

'खरेदीत ६० लाख' हे वचन मोजता येत नाही. मोजण्याजोगी ओळ अशी असते: कशामुळे बचत होणार, किती, कुठल्या महिन्यापासून, कुठल्या खात्यात दिसणार, जुनी रेषा किती आणि ओळ कुणाची. 'स्क्रॅप व पिग आयर्न एकत्र खरेदी, किलोमागे १ रुपया, वर्षाला ६,००० टन, खातं कच्चा माल खरेदी, जबाबदार खरेदी मॅनेजर' असं लिहिलं की ओळ मोजता येते. ज्या ओळीला खातं सापडत नाही, ती वचनांच्या यादीत राहू द्या, पण मिळालेल्या रकमेत कधीच धरू नका.

ओळ ज्याची, आकडा त्यानेच भरायचा. पण त्यावर सही अकाउंट्सची हवी. विलीनीकरणाच्या वेळी ज्याने वचन दिलं त्याच्याकडेच मोजणी सोपवू नका. माणूस प्रामाणिक असला तरी आपलंच म्हणणं खरं निघावं असं प्रत्येकाला वाटतं.

खरेदीची ओळ: बाजार वेगळा, विलीनीकरण वेगळं

ही ओळ सगळ्यात मोठी आणि सगळ्यात फसवी. विलीनीकरणाआधी बाजारभाव सरासरी ४० रुपये किलो होता. उद्यमबाग बाजारापेक्षा ५० पैसे जास्त देत होती. मच्छेची फौंड्री लहान, उधारीही जास्त घेणारी, म्हणून ती २ रुपये जास्त देत होती. ३०० आणि २०० टनांच्या वजनाने सरासरी काढली तर बाजारावर १ रुपया १० पैसे, म्हणजे दर ४१.१० रुपये पडत होता. एकत्र झाल्यावर खरेदी सरासरी ३७.४० रुपयांनी झाली.

खरेदी मॅनेजर सांगेल, किलोमागे ३ रुपये ७० पैसे वाचवले, ६० लाख किलोवर २ कोटी २२ लाख झाले. आकडेमोड बरोबर आहे, पण त्या वर्षी बाजारच ४० वरून ३७ वर आला होता. ३ रुपये बाजाराने दिले, विलीनीकरणाने नव्हे. शिवाय मोठ्या ग्राहकांशी आपला दर कच्च्या मालाच्या भावाशी बांधलेला असतो, तिमाहीला ते ३ रुपये ग्राहक डेबिट नोटने परत घेतो. ते आपले नव्हतेच.

म्हणून दराची तुलना दराशी करायची नाही, बाजाराच्या वर आपण किती देतो त्या फरकाची करायची. खरेदीच्या दिवशीचा त्याच जातीच्या मालाचा बाजारभाव बिलाच्या शेजारी लिहायचा. कुठला बाजारभाव धरायचा हे पहिल्या दिवशी ठरवून टाका आणि मध्ये बदलू नका. जुना फरक १.१०, नवा ०.४०:

```
=(1.10-0.40)*6000000
```

उत्तर येतं ४२ लाख. ६० लाखांच्या वचनासमोर हे वाईट नाही. पण हिशेब इथे थांबत नाही.

४० पैशांचा फरक मिळाला कारण सप्लायरला आता मच्छेच्या मालाचे पैसेही १५ दिवसांत मिळतात, आधी ४५ दिवसांनी मिळायचे. मच्छेची महिन्याची खरेदी साधारण ७५ लाख. एवढी रक्कम कायम एक महिना जास्त अडकली. सीसीवर १० टक्के व्याज धरलं तर वर्षाला साडेसात लाख. ते व्याज बँकेच्या खात्यात जातं, खरेदीच्या खात्यात दिसत नाही, म्हणून ते शोधून या ओळीत आणून वजा करावं लागतं.

दुसरी वजाबाकी कागदावर सापडत नाही, ती शॉपमध्ये ऐकू येते. एका कारखान्यात नव्या सप्लायरचा माल सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी मशीन शॉपचे मिस्त्री हातात तुटकी टिप घेऊन आले होते. "साहेब, ह्या लॉटचा माल हार्ड येतोय. दोन-दोन पिसांमागं टिप जातीया." तो पीस फोडून पाहिला तर पातळ कडेला फ्रॅक्चर पांढरं होतं, जाड भागात नेहमीसारखं करडं. हीट रजिस्टर उघडलं तेव्हा त्या हीटमध्ये क्रोमियम वर गेलेलं दिसलं. स्वस्त स्क्रॅपमध्ये अलॉय स्टीलचे तुकडे येत होते. दर कमी का होता ते तिथे कळलं.

आपल्या उदाहरणात रिजेक्शन ५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं असं धरा. ६,००० टनांवर १ टक्का म्हणजे ६० टन. धातू परत वितळतो, तो वाया जात नाही. पण वीज, वाळू, मजुरी, फेटलिंग सगळं वाया जातं. किलोमागे २५ रुपये धरले तर १५ लाख. रिजेक्शन वाढण्याची दुसरी कारणंही असतात, कोअर ओले असतात, नवा मोल्डर असतो. म्हणून रिजेक्ट पीस हीट नंबरने मागे न्या आणि त्या हीटचा चार्ज कुठल्या सप्लायरचा होता ते पाहा. सप्लायरशी जुळतं तेवढंच या ओळीतून वजा करा.

४२ लाखांतून १५ आणि साडेसात गेले, साडेएकोणीस लाख राहिले. स्क्रॅप येताना गेटवरच तपासणी सुरू केली तर १५ लाखांतले बरेचसे पुढच्या वर्षी परत येतील. तपासणीचा खर्चही याच ओळीत धरायचा.

विजेची ओळ: वर्षाचा वेग आणि हातात आलेले पैसे

मच्छेची फर्नेस बंद करायची, वितळवण उद्यमबागेत रात्रपाळीने करायची, मोल्डिंगही तिथेच न्यायचं आणि मच्छेत फेटलिंग व मशीनिंग ठेवायचं, असं ठरलं होतं. हेस्कॉमच्या एचटी बिलात युनिटचे पैसे वेगळे आणि डिमांड चार्ज वेगळा. मच्छेची करारातली मागणी कमी करून घेतली की महिन्याला अडीच लाख, वर्षाला ३० लाख वाचणार. फर्नेस बंद केली म्हणून डिमांड चार्ज आपोआप कमी होत नाही. करारातल्या मागणीच्या ठरावीक हिश्श्यावर तो लागतच राहतो. अर्ज करून मागणी उतरवून घ्यावी लागते आणि उतरवलेली मागणी बिलात दिसल्याशिवाय बचत धरायची नाही.

मोल्डिंगची लाइन हलवण्यात आणि अर्जात आठ महिने गेले. म्हणजे पहिल्या वर्षी चारच महिन्यांची बचत मिळाली, १० लाख. बैठकीत मात्र 'विजेचे ३० लाख झाले' असंच सांगितलं जातं, कारण आता वेग वर्षाला ३० लाखांचा आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या स्तंभांत हवेत: एकात या वर्षी हातात आलेले, दुसऱ्यात यापुढचा वर्षाचा वेग. बँकेचा हप्ता पहिल्या स्तंभातून जातो.

त्यात टेम्पोचं भाडं विसरू नका. आता कास्टिंग उद्यमबागेतून मच्छेला जातं आणि तयार होतं. २०० टनांना टनामागे ३०० रुपये म्हणजे महिन्याला ६० हजार. चार महिन्यांचे २ लाख ४० हजार वजा करून हातात ७ लाख ६० हजार राहिले, वर्षाचा वेग २२ लाख ८० हजार.

इथे दोन्ही जागा कर्नाटकात आहेत, एकाच जीएसटी नोंदणीत, म्हणून माल डिलिव्हरी चलनावर जातो. दुसरा कारखाना शिरोळीत किंवा कागलात असता तर गोष्ट वेगळी होती. कंपनी एक झाली तरी महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची जीएसटी नोंदणी वेगळीच राहते, आणि एकीकडून दुसरीकडे माल पाठवला तरी आयजीएसटी भरावा लागतो. त्याचं क्रेडिट मिळतं, पण तोवर पैसा अडकतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांनी एकत्र येताना वचनांच्या कागदावर ही ओळ वजाबाकीत लिहायलाच हवी. ती मला क्वचितच दिसते.

पगाराची ओळ

ही सोपी आहे. २० लाखांपैकी १८ लाख पगार कमी झालेले दिसतात. फक्त प्रत्येक नावापुढे एक प्रश्न विचारा: विलीनीकरण झालं नसतं तरी हा माणूस गेला असता का? मच्छेचे जुने अकाउंटंट तसेही त्याच वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं नव्हतं. त्यांचे ४ लाख वगळा. १४ लाख राहतात.

विक्रीची ओळ: नव्या ऑर्डरी आणि गेलेले ग्राहक

विक्रीचं वचन नेहमी विक्रीच्या रकमेत दिलं जातं आणि मोजताना तसंच मोजलं जातं. ते चूक आहे. विक्रीतून धातू, वीज, वाळू, जॉबवर्क, भाडं वजा जाऊन जे कॉन्ट्रिब्युशन राहतं तेच मोजा. इथे ते २० टक्के धरलं आहे.

वर्षात २ कोटी ४० लाखांच्या नव्या ऑर्डरी आल्या, वचनापेक्षा जास्त. आता प्रत्येक ऑर्डरची पहिली चौकशी कधी आली ते ईमेलमध्ये शोधा. ६० लाखांच्या ऑर्डरची चौकशी निर्णयाच्या आधीच आली होती आणि पॅटर्नही तयार झाला होता. ती तशीही मिळाली असती. आणखी ५० लाखांचा पार्ट ग्राहक आधी मच्छेकडून घेत होता, आता तोच उद्यमबागेच्या कोडवर घेतो. तो नवा नाही, जागा बदललेला आहे. खरे नवे १ कोटी ३० लाख, त्याचं कॉन्ट्रिब्युशन २६ लाख.

यानंतर जे पाहायचं ते नव्या ऑर्डरींच्या यादीत कधीच नसतं. जुन्या वर्षाच्या ग्राहकांची यादी काढा आणि कुणाची खरेदी कमी झाली ते पार्टनिहाय पाहा. कास्टिंग घेणारा मोठा ग्राहक एकाच पार्टसाठी दोन फौंड्र्या ठेवतो, एकीची फर्नेस बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. आपल्या उदाहरणात असा एक पंप बनवणारा ग्राहक उद्यमबाग आणि मच्छे या दोघांकडून माल घेत होता. दोघे एक झाल्याचं कळताच त्याच्या दृष्टीने दोनाचा एकच सप्लायर उरला. त्याने दोन पार्ट काढून शिरोळीतल्या तिसऱ्या फौंड्रीला दिले. वर्षात ७० लाखांची विक्री गेली, कॉन्ट्रिब्युशन १४ लाखांचं. २६ मधून ते वजा करून १२ लाख राहतात.

ही घट सेल्समन स्वतःहून सांगत नाही. ग्राहकही पत्र पाठवत नाही, महिन्याच्या शेड्युलमधला आकडा फक्त हळूहळू लहान होत जातो. म्हणून ही तपासणी दर महिन्याला करा, वर्षाने नव्हे.

एकत्र तक्ता

| ओळ (लाख रुपये) | वचन | वरवरचा आकडा | या वर्षी हातात | यापुढचा वर्षाचा वेग |
|---|---|---|---|---|
| खरेदी | ६० | २२२ | १९.५ | १९.५ |
| वीज | ३० | ३० | ७.६ | २२.८ |
| पगार-ऑफिस | २० | १८ | १४ | १४ |
| विक्री | ४० | ४८ | १२ | १२ |
| एकूण | १५० | ३१८ | ५३.१ | ६८.३ |

पुस्तकं तीच, वर्ष तेच, पण एका पद्धतीने ३ कोटी १८ लाख आणि दुसऱ्या पद्धतीने ५३ लाख. एकरकमी खर्च या तक्त्यात मिसळू नका, खाली वेगळा लिहा: वकील-सीएची फी, लाइन हलवणं, सोडलेल्या कामगारांची भरपाई, सॉफ्टवेअर. २५ लाख धरले होते, ४५ झाले. हे खर्च 'दुरुस्ती' किंवा 'इतर' खात्यात विरघळतात, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांच्यासाठी स्वतंत्र खातं उघडा.

तक्ता तिमाहीला भरा, आणि वचनाचा स्तंभ कधीही बदलू नका. परिस्थिती बदलली तर शेजारी 'सुधारित अंदाज' असा नवा स्तंभ घाला. जुना आकडा खोडून नवा लिहिला की तुलना करायला काही उरत नाही. साधारण दोन वर्षांनी हे थांबवायला हरकत नाही, कारण तोवर उत्पादन, ग्राहक, माणसं इतकी बदलतात की जुनी रेषा तुलनेच्या कामाची राहत नाही. तिथून पुढे नेहमीचं बजेट पुरे.

ओळी एकमेकींना धक्का देतात

तक्ता भरल्यावर ओळी एकट्या-एकट्या वाचू नका. विजेची ओळ आणि विक्रीची ओळ शेजारी ठेवा. मच्छेची फर्नेस बंद केल्याने वर्षाला २२ लाख ८० हजार वाचणार आहेत. पण त्या पंपवाल्या ग्राहकाचा १ कोटी ८० लाखांचा धंदा अजून आपल्याकडे आहे, कॉन्ट्रिब्युशन ३६ लाखांचं. मच्छेत वेगळी फर्नेस चालू होती तोवर आपण त्याला सांगू शकत होतो की कंपनी एक असली तरी वितळवणारी ठिकाणं दोन आहेत. काही ग्राहक दोन स्वतंत्र प्लँटना दोन सप्लायर म्हणून मान्य करतात. फर्नेस बंद झाल्यावर त्यांच्या क्वालिटीवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, उद्यमबागेची फर्नेस लायनिंगला गेली तर माल कुठून देणार?

हिशेब असा बसतो. २२ लाख ८० हजारांना २० टक्क्यांनी भागलं की १ कोटी १४ लाख येतात. त्या ग्राहकाची एवढ्यापेक्षा जास्त विक्री फर्नेस बंद केल्यामुळे गेली, तर विजेची बचत पूर्ण बुडाली. म्हणून हेस्कॉमकडे मागणी उतरवण्याचा अर्ज द्यायच्या आधी सेल्समनला त्या ग्राहकाच्या खरेदी विभागात पाठवा आणि एक फर्नेस चालेल का हे लेखी विचारा. उतरवलेली मागणी पुन्हा वाढवून घ्यायची तर नव्याने अर्ज, डिपॉझिट आणि वाट पाहणं आलं. तेवढ्या महिन्यांत शिरोळीच्या फौंड्रीचा पॅटर्न पास झालेला असतो.